‘एलएसडी’ म्हणून विकलेल्या कागदाने फिट का येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तरुण मुलामुलींकडून, त्यांच्या पालकांकडून आणि कधी कधी कॅज्युअल्टीत ड्युटी करणाऱ्या डॉक्टरांकडूनही येतात. समोर आत्ता कुणाला झटके येत असतील, तर आधी १०८ ला फोन करा आणि थेट प्रश्न ९ वाचा. बाकीचं नंतर.

१. ब्लॉटर म्हणजे नेमकं काय? त्यावर एलएसडीच असतं ना?

ब्लॉटर म्हणजे टिपकागदासारखा, पाणी शोषून घेणारा जाडसर कागद. द्रावणात भिजवून तो वाळवतात आणि त्याचे बोटाच्या नखाएवढे चौकोन पाडतात. कुणी त्याला टॅब म्हणतं, कुणी स्टॅम्प, कुणी नुसतंच पेपर. एवढ्याशा कागदावर फार थोडा पदार्थ मावतो. त्यामुळे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात, म्हणजे मायक्रोग्रॅममध्ये परिणाम करणारा पदार्थच असा विकता येतो.

पूर्वी असा पदार्थ जवळजवळ एकच होता, भास घडवणारं एलएसडी. ‘कागदावर आहे म्हणजे एलएसडीच’ ही समजूत तेव्हापासूनची. २०१० च्या आसपास बाजारात एनबोम गटातली रसायनं आली. तीही मायक्रोग्रॅममध्येच काम करतात, त्यामुळे त्याच कागदावर, त्याच चित्रांखाली सहज बसली. कागदावरचं चित्र छापणारा कुणी वेगळाच असतो, त्यामुळे चित्रावरून आत काय आहे ते कळत नाही. ‘मागच्या वेळी हेच चित्र होतं, काही झालं नव्हतं’ या अनुभवालाही तेवढाच कमी अर्थ आहे.

२. एनबोम म्हणजे काय? ते आलं कुठून?

मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन ज्या रिसेप्टरांवर बसतं, त्यांपैकी एकाचं नाव ५-एचटी-२ए. हे रिसेप्टर मेंदूत कुठे आणि किती आहेत हे शोधायला शास्त्रज्ञांना त्यावर घट्ट चिकटणारा रेणू हवा होता. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत राल्फ हाइम यांनी २००३ मध्ये पूर्ण केलेल्या पीएचडीच्या कामातून २५आय-एनबोम आणि त्याची भावंडं पुढे आली. त्यांच्यातल्याच २५बी-एनबोमला किरणोत्सारी कार्बन जोडून मेंदूच्या स्कॅनसाठी वापरतात. तिथे दिली जाणारी मात्रा इतकी सूक्ष्म असते की माणसाला काही जाणवतही नाही.

माणसाने नशेसाठी घ्यावं म्हणून हे रेणू कधीच तपासले गेले नव्हते. किती मात्रेला काय होतं हे सगळं जगाला हॉस्पिटलांत आणि शवविच्छेदनांतच कळत गेलं. अमेरिकेच्या डीईए या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने नोव्हेंबर २०१३ मध्ये २५आय, २५बी आणि २५सी या तिघांवर तातडीची बंदी घातली, तेव्हा त्यांच्याशी जोडलेले किमान १९ मृत्यू नोंदले गेले होते. २०१५ मध्ये हे तिन्ही पदार्थ संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या कराराच्या पहिल्या अनुसूचीत गेले. त्यानंतर रेणूत थोडा बदल केलेली नवी भावंडं निघत राहिली. बाजारात ‘एन-बॉम्ब’ किंवा ‘स्माइल्स’ ही नावं ऐकू येतात, पण ग्राहकाला बहुतेक वेळा एलएसडी असंच सांगितलेलं असतं.

३. दोन्ही एकाच रिसेप्टरवर काम करतात. मग धोक्यात एवढा फरक का?

रिसेप्टरला दिव्याचं बटण समजलात तर हा फरक कळणार नाही. पंख्याचा रेग्युलेटर समजा. एलएसडी त्यावर घट्ट बसतं, पण तो अर्ध्याच्या आसपासच फिरवतं. मात्रा वाढवली तरी त्या रिसेप्टरवरचा परिणाम एका पातळीनंतर फारसा चढत नाही. औषधशास्त्रात याला आंशिक उत्तेजक म्हणतात. एनबोम जवळजवळ पूर्ण उत्तेजक आहे, म्हणजे रेग्युलेटर शेवटच्या आकड्यापर्यंत नेणारं. मात्रा वाढत जाईल तसा जोर वाढतच जातो आणि मध्ये थांबवणारी पायरी नसते.

हा रिसेप्टर फक्त दृश्यं दाखवत नाही. मेंदूच्या सालीतल्या पेशींना तो उत्तेजित करतो आणि ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन जास्त सुटू लागतं. पेशी एका लयीत, आवरेनाशा पेटू लागल्या की आकडी येते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही हाच रिसेप्टर असतो, त्यामुळे वाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. शरीराचं तापमान आणि स्नायूंचा ताणही त्याच्याशी बांधलेला आहे.

मग एकातून दुसरं सुरू होतं. झटके आणि धडपड यांमुळे स्नायू तापतात. त्वचेच्या वाहिन्या आवळलेल्या असल्यामुळे ती उष्णता बाहेर पडत नाही. ताप ४० अंश सेल्सियसच्या वर गेला की स्नायूंच्या पेशी फुटू लागतात, त्यांतला मायोग्लोबिन रक्तात येतो आणि मूत्रपिंडाच्या नलिका तुंबवतो. ताप आणि रक्तातली आम्लता वाढली की पुढची फिट आणखी सहज येते. म्हणून या विषबाधेत ‘थोडा वेळ वाट पाहू, उतरेल’ हा विचार महागात पडतो.

एलएसडी निर्धोक आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्याच्या नशेत माणसं गच्चीवरून पडलेली आहेत, रस्त्यावर धावलेली आहेत. पण नेहमीच्या मात्रेत ते शरीराला अशा रीतीने मोडून टाकत नाही. खऱ्या एलएसडीचे अपवाद प्रश्न १२ मध्ये आहेत.

४. त्याने एकच कागद घेतला होता. एका कागदाने ओव्हरडोस कसा होईल?

सारख्या आकाराचे दोन चौकोन म्हणजे सारखी मात्रा नव्हे. मिठाचा एक बारीक कण साधारण ६० मायक्रोग्रॅम भरतो. एनबोमचा परिणाम काही शे मायक्रोग्रॅमपासून सुरू होतो आणि मिलिग्रॅमच्या आसपास विषबाधेचं क्षेत्र लागतं. म्हणजे परिणाम आणि संकट यांच्यात मिठाचे मोजके दहाबारा कण आहेत. एवढा फरक स्वयंपाकघरातल्या काट्यावर सोडाच, सोनाराच्या साध्या काट्यावरही धड दिसत नाही.

कागद वाळताना द्रावण सगळीकडे सारखं राहत नाही. सांडलेला चहा वाळला की डागाची कड गडद होते, तसंच इथे होतं. कडेच्या किंवा खालच्या टोकाच्या चौकोनांत पदार्थ गोळा होतो. एकाच तावातून दोन मित्रांनी एकेक तुकडा घेतला, एकाला नुसतं गरगरलं आणि दुसरा आयसीयूत गेला, हे त्यामुळे घडू शकतं. शिवाय काही माणसं या गटाला जास्तच संवेदनशील दिसतात आणि ती कोण, हे आधी ओळखता येत नाही.

पदार्थ शरीरात कसा गेला यानेही मात्रा बदलते. एनबोम गिळलं तर त्याचा बराच भाग आतडं आणि यकृत मोडून टाकतात. जिभेखाली किंवा गालात धरलं तर तो थेट रक्तात जातो. नाकातून ओढलं तर त्याहून झपाट्याने, आणि गंभीर प्रकरणांत हा मार्ग पुन्हा पुन्हा दिसतो. त्यामुळे ‘मागे गिळला होता, काही झालं नाही’ म्हणणाऱ्याने पुढच्या वेळी तोच कागद जिभेखाली धरला, तर प्रत्यक्षात तो कितीतरी पट जास्त घेत असतो.

५. कडू लागलं तर थुंकायचं, गोड किंवा बेचव असेल तर एलएसडी, हे खरं का?

अर्धंच खरं आहे. एलएसडीला त्या मात्रेत चव जाणवत नाही. एनबोमचा कागद बहुधा कडू, धातूसारखा लागतो आणि जीभ बधिर होते. म्हणून कडू किंवा बधिर लागलं तर लगेच थुंका, चूळ भरा आणि एकटे राहू नका.

उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही. चव लपवायला कागदाला पुदिन्याचा किंवा फळाचा स्वाद लावलेला असू शकतो. प्रश्न ७ मधल्या पदार्थांची चव नेहमी कळतेच असं नाही. आणि चव जिभेला कळेपर्यंत काही भाग आत गेलेलाही असतो.

६. टेस्ट किटमध्ये जांभळा रंग आला. आता तर खात्री झाली ना?

या किटमध्ये एर्लिक नावाचं अभिकर्मक असतं. इंडोल नावाची रचना असलेल्या रेणूंबरोबर ते काही मिनिटांत जांभळं होतं. एलएसडीत इंडोल आहे, एनबोममध्ये आणि प्रश्न ७ मधल्या डीओबीत नाही. त्यामुळे रंग आलाच नाही, तर तो कागद एलएसडीचा नाही हे बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. या चाचणीचा खरा उपयोग एवढाच आहे.

जांभळा रंग आला तर इंडोल असलेलं काहीतरी त्यात आहे, इतकंच कळतं. एलएसडीची कितीतरी भावंडं आणि काही ट्रिप्टामिनंही तोच रंग देतात. दोन पदार्थ मिसळलेले असले तर रंग फक्त इंडोलवाल्याची साक्ष देतो, दुसरा लपून राहतो. किती मायक्रोग्रॅम आहे, हे तर रंग कधीच सांगत नाही. तपासलेला कोपरा आणि तोंडात गेलेला कोपरा वेगळा असतो, हीही अडचण आहेच.

७. दीड तास झाला तरी काहीच जाणवलं नाही, म्हणून दुसरा घेतला. आता काय होईल?

हा प्रश्न बहुतेकदा घटना घडल्यावर येतो. कागदावर डीओबी, डीओसी किंवा ब्रोमो-ड्रॅगनफ्लाय असू शकतं. ही वेगळी, अँफेटामिनच्या घराण्यातली रसायनं आहेत. त्यांचा परिणाम सुरू व्हायलाच दोन-तीन तास लागू शकतात आणि तो बारा तासांपासून दिवसभर, कधी त्याहून जास्त टिकतो. पहिला कागद ‘फुसका निघाला’ असं वाटून दुसरा घेतला जातो आणि मग दोन्ही एकावर एक चढतात.

या गटात फिटबरोबर दुसरं मोठं संकट म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या. हाताची किंवा पायाची बोटं थंड, पांढरी किंवा निळसर पडणं, त्यांत आग किंवा बधिरपणा येणं, याकडे दुर्लक्ष झालं तर बोटं सडतात. ब्रोमो-ड्रॅगनफ्लायनंतर बोटं कापावी लागल्याची नोंद युरोपात आहे.

दुसरा कागद घेतलेला असेल तर आता आणखी काहीही घेऊ नका, दारूही नाही. शुद्धीत असलेला माणूस किमान पुढचा अख्खा दिवस सोबत राहील असं बघा. हातपाय थंड पडले किंवा प्रश्न ८ मधलं काही दिसलं, तर हॉस्पिटल गाठा.

८. नुसती ‘वाईट ट्रिप’ आहे की विषबाधा, हे कसं ओळखायचं?

माणूस काय बोलतोय यापेक्षा त्याचं शरीर काय करतंय ते बघा. घाबरलेला, रडणारा माणूस शांत खोलीत, ओळखीच्या आवाजाने हळूहळू निवळतो आणि त्याचं अंग फारसं तापत नाही. विषबाधेत समजावून काही फरक पडत नाही.

छातीला किंवा पाठीला हात लावून बघा. अंग चटका बसावा इतकं तापलंय का? नाडी मोजा. शांत बसवूनही ती मिनिटाला १२० च्या वर राहत असेल तर उशीर करू नका. जबडा घट्ट आवळलेला, पाय कडक, घोटा किंवा हात आपोआप थडथडतोय, डोळे एकटक, नाव विचारलं तरी उत्तर नाही, यांतलं एकही पुरेसं आहे. धिंगाणा घालणारा माणूस अचानक गप्प पडला तर ‘झोपला एकदाचा’ म्हणून निघून जाऊ नका. श्वास चालू आहे का आणि हाक मारल्यावर प्रतिसाद येतो का, ते तपासा.

९. फिट आली. रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचं?

महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८, किंवा कुठूनही ११२. फोन स्पीकरवर ठेवा आणि घड्याळात वेळ बघा.

आसपासचं फर्निचर, बाटल्या बाजूला करा. डोक्याखाली दुमडलेलं कापड सरकवा. हातपाय दाबून धरू नका. झटके त्याने थांबत नाहीत, उलट स्नायू जास्त तापतात आणि हाड मोडू शकतं. तोंडात चमचा, बोट, कापड, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून, हातात लोखंडी किल्ली देऊन फिट थांबत नाही. त्यात फक्त मिनिटं जातात.

झटके थांबताच कुशीवर वळवा, तोंड किंचित जमिनीकडे ठेवा, म्हणजे ओकारी किंवा लाळ श्वासनलिकेत जाणार नाही. पाच मिनिटांहून जास्त चाललेली फिट, किंवा पहिलीतून शुद्ध यायच्या आत आलेली दुसरी फिट, ही मेंदूला इजा करणारी अवस्था आहे. १०८ ला तसं स्पष्ट सांगा.

अंग तापलं असेल तर जादा कपडे काढा, अंगावर पाणी शिंपडा आणि पंख्याखाली ठेवा. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून काखेत आणि जांघेत ठेवा. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप संसर्गाचा नाही, स्नायूंच्या उष्णतेचा आहे, गोळीने तो उतरत नाही. शिवाय अर्धवट शुद्धीत गोळी घशात अडकते.

श्वास थांबला असेल, किंवा अधूनमधून नुसते आचके येत असतील, तर छातीवर दाब देणं सुरू करा. १०८ वरून सांगतील तसं करत राहा.

१०. हॉस्पिटलमध्ये युरिन टेस्ट निगेटिव्ह आली. म्हणजे त्याने काहीच घेतलं नव्हतं का?

नाही. नेहमीची युरिन ड्रग स्क्रीन गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, अँफेटामिन अशा ठरावीक गटांसाठी बनवलेली असते. एनबोम तीत सापडत नाही, एलएसडीही बहुतेकदा नाही. नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या प्रयोगशाळेत जावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत उपचार संपलेले असतात. म्हणून उपचार लक्षणांवर करतात, रिपोर्टवर नाही.

एक खरी मालिका बघा. जानेवारी २०१३ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य भागात सात तरुण २५आय-एनबोमच्या विषबाधेने दाखल झाले. पदार्थ नंतर प्रयोगशाळेत पक्का झाला. सातही जणांची नाडी वेगात होती, सहा जण आवरेनासे अस्वस्थ होते, तिघांना फिट आली आणि तिघांना जोराचा ताप होता. रक्तातलं क्रिएटिन कायनेज, म्हणजे स्नायू फुटल्याची खूण, सगळ्यांचं वाढलेलं होतं, आणि एकाच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती. रिपोर्टविना दारात आलेला रुग्ण कसा दिसतो, हे यावरून डोळ्यांसमोर येतं.

या विषावर उतारा नाही. पहिलं औषध म्हणजे लोराझेपाम किंवा मिडाझोलामसारखं बेंझोडायझेपाइन. ते एकाच वेळी फिट, धडपड, नाडी आणि ताप यांवर काम करतं, आणि मात्रा नेहमीपेक्षा जास्त लागू शकते. त्याने भागलं नाही तर बेशुद्ध करून, स्नायू शिथिल करून व्हेंटिलेटरवर घेतात आणि अंग बर्फाने थंड करतात. शिरेतून भरपूर सलाइन मूत्रपिंड वाचवायला. हॅलोपेरिडॉल एकटं देण्यात धोका आहे, कारण ते फिटचा उंबरठा खाली आणू शकतं आणि उष्णता बाहेर पडण्यात अडथळा आणतं. शांत करणारं औषध न देता रुग्णाला नुसतं खाटेला बांधणं हे त्याहून वाईट.

नातेवाइकांनी डॉक्टरांना चार गोष्टी सांगाव्यात: किती वाजता घेतलं, किती कागद, कुठल्या मार्गाने, आणि सोबत दारू किंवा कोणती औषधं. उरलेला कागद असेल तर फॉइलमध्ये गुंडाळून सोबत द्या.

११. पोलिस केस होईल या भीतीने मित्र नेऊ देत नाहीत. काय करावं?

न्यावं. विषबाधेचा रुग्ण आला की हॉस्पिटल मेडिको-लीगल नोंद करतं, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण नोंदीसाठी उपचार थांबत नाहीत. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे की जीव वाचवणं आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी व खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. भीतीपोटी ‘काहीतरी खाण्यातून झालं’ असं सांगितलं तर डॉक्टर चुकीच्या दिशेने जातात. व्यसनमुक्तीसाठी बोलायचं असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पण ती आणीबाणीसाठी नाही.

१२. खात्रीने एलएसडीच असेल तर फिट येतच नाही ना?

येऊ शकते. सर्वांत महत्त्वाचा अपवाद लिथियम. बायपोलर आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी एलएसडी घेतल्यावर फिट आल्याच्या नोंदी आहेत. ट्रामाडॉल हे वेदनाशामक स्वतःच फिटचा उंबरठा खाली आणतं. आधीपासून अपस्मार असलेल्याला तर जागरण आणि चुकलेली गोळीही पुरते. नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना एलएसडीचा परिणाम कमी जाणवतो आणि ते जास्त घेतात. तो कागद एनबोमचा निघाला तर हीच जादा मात्रा घात करते. दुसरी चूक म्हणजे एलएसडीसाठी अचानक गोळ्या बंद करणं, त्याने मूळ आजार उसळतो.

प्रचंड मात्रेत एलएसडीही शरीर कोलमडवतं. सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आठ जणांनी कोकेन समजून एलएसडीची पूड नाकात ओढली. कोमा, ताप, ओकाऱ्या, रक्तस्राव, सगळं झालं. हॉस्पिटलच्या आधाराने आठही जण वाचले. त्यांच्या शरीरात गेलेली मात्रा कागदाच्या शेकडो तुकड्यांएवढी असावी. प्रश्न ३ मधला फरक इथे दिसतो: एलएसडीला तिथे पोचायला चमचाभर चूक लागली, एनबोमला एक चौकोन पुरतो.

१३. रात्री फिट आली, सकाळी तो ठीक आहे. डिस्चार्ज मागू का?

सकाळी बोलतोय, चालतोय हे चांगलंच आहे, पण स्नायू फुटल्याचं नुकसान शुद्ध आल्यानंतरही रक्तात चढत राहतं. क्रिएटिन कायनेज बहुधा एक ते तीन दिवसांत सर्वांत वर जातं. म्हणून डॉक्टर ते, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासतात. आकडे उतरू लागल्याशिवाय घरी नेण्याची घाई करू नका.

घरी आल्यावर पहिले तीन दिवस लघवीचा रंग बघा. ती कोऱ्या चहासारखी किंवा कोकाकोलासारखी झाली, अगदी कमी झाली, किंवा मांड्या-पोटऱ्या सुजून दुखू लागल्या, तर त्याच दिवशी परत जा. पहिल्यांदाच फिट आलेल्या माणसाने न्यूरोलॉजिस्टला दाखवेपर्यंत गाडी चालवू नये, पोहू नये आणि एकटं उंचावर काम करू नये. डिस्चार्ज कार्डावर ‘संशयित एनबोम’ असं लिहून घ्या. पुन्हा कधी दाखल व्हावं लागलं, तर पुढच्या डॉक्टरला पहिल्या मिनिटाला हीच ओळ हवी असते.